सात नंबरचा बीम

मुकादमांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी घरात त्यांचा मुकादमपणा काही सुटला नव्हता. बायको भाजी निवडायला बसली की हे आधी देखरेख करणार. त्या शनिवारी दुपारी लेक जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली, तेव्हा तेही खुर्ची ओढून शेजारी आले. लेक जुन्या इमारती तपासणाऱ्या कचेरीत इंजिनिअर होती. एका छापखान्याच्या बीमचे फोटो आले होते. प्रत्येकाखाली काय दिसतं आणि त्यावरून काय वाटतं, एवढं तिला लिहायचं होतं.

छापखाना कोणता ते कळल्यावर मुकादमांची छाती फुगली. ती इमारत त्यांनीच उभी केलेली. तिच्या बीमना केसभर तडा नाही, असं ते तीस वर्षं आल्यागेल्याला सांगत होते.

"बाबा, मध्ये बोलायचं नाही हं."

"मी कशाला बोलतोय?" असं म्हणून ते लगेच बोलले. "हे तांबडे ठिपके काही नाहीत. सळया बांधायच्या तारेची टोकं गंजलीत."

"तेच लिहिलंय. बारीक, सुटे, वरवरचे." तिने पुढचा फोटो उघडला. "इथे मात्र सळयांभोवतीची आख्खी कडी उघडी आहे. लोखंड फळीपासून दूर ठेवणारे कव्हरचे ठोकळे ठेवले नसणार. कडी सेंटरिंगच्या फळीला टेकली, वरून सिमेंटचं पातळ कातडं, आणि दमट हवा आत शिरली. लोखंड गंजून फुगलं की कातडं उडतंच."

"ठोकळे मी स्वतः मोजून घेतले होते!"

"मग ही बाहेर कशी आली?"

मुकादमांनी चष्मा पुसायला काढला.

मग सातव्या बीमचा फोटो आला. तो पाइपांच्या मागे कसाबसा हात घालून अगदी जवळून काढलेला होता. खडी खडी सुटी दिसत होती, मध्ये सिमेंटचा पत्ता नाही, नुसती मधाच्या पोळ्यासारखी भोकं. भोकांतून दोन जाड सळया डोकावत होत्या आणि वरच्या काठापर्यंत चार बोटं गंजाचा ओघळ होता. लेकीने लिहिलं होतं: वरच्या कडेला पोकळी, वरच्या मजल्यावरच्या नळाचं पाणी झिरपत असावं, गळती थांबवून डागडुजी पुरेल.

मुकादमांनी ते वाचलं आणि त्यांना हायसं वाटलं. नळ म्हणजे भाडेकरूंची चूक. मग त्यांची नजर ओघळावर गेली. तो सळयांपाशी गडद होता आणि काठाकडे फिका होत गेला होता. काठाला एक सुकलेला थेंब चिकटलेला होता. थेंबाचं टोक वर होतं.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. ऐन भराईत काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर बंद पडला. खाली सळयांची दाटी, काँक्रीट आत उतरेना. थांबायचं सोडून त्यांनी माणसांना गजाने कोचायला लावलं. फळ्या काढल्या तर ही भोकं. इंजिनिअरसाहेब यायच्या आत त्यांनी ती गिलाव्याने बुजवून घेतली होती. आज गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पोरीच्या नजरेतून उतरायचं वय राहिलं नव्हतं त्यांचं.

"वर काय ठेवतात?" त्यांनी विचारलं.

"कागदाचे गठ्ठे. छतापर्यंत."

"आणि खाली?"

"मशीन. सहा माणसं असतात."

मुकादमांनी दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलला आणि उलटा धरला.

"अहो बाबा, काय करताय?"

"थेंब बघ. पाणी वर चढतं का कधी? फोटो उलटा आहे. ही खालची कड. या सळया भार घेणाऱ्या."

लेक पुढे वाकली आणि बघतच राहिली. ओघळ वरून आत येत नव्हता, आतून खाली येत होता. "बापरे," ती म्हणाली, "मी नळ दुरुस्त करायला सांगत होते." मग हळूच, "बाबा, तुम्हाला इतक्या पटकन कसं कळलं?"

त्यांनी सगळं सांगितलं. "अजून दोन आहेत," ते शेवटी म्हणाले. "पाच आणि अकरा."

तिने ते फोटो उघडले. दोन्ही बीम गुळगुळीत. तिने त्यांच्याखाली 'दोष दिसत नाही' असं लिहिलं होतं.

"दिसणारच नाही. सातचा गिलावा गळून पडला, यांचा टिकलाय. गिलावा मी हात राखून केला नव्हता. हातोडीने ठोकून बघा, पोकळ वाजतील."

तिने तिथल्या तिथे आधी आपल्या साहेबांना आणि मग छापखान्याला फोन लावला. मशीन बंद करा, माणसं बाहेर काढा, तिन्ही बीमना टेकू लागल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. कागद उतरवायचा तो टेकू लागल्यावर. मग ती पुन्हा लिहायला बसली.

"पाच आणि अकराचं कसं कळलं ते लिहावं लागेल. 'चौकशीतून समजलं' म्हणते."

"कसली चौकशी? माझं नाव घाल. हुद्द्यासकट."

तिने नाव घातलं. पुढे लिहिलं, 'त्या वेळी दुरुस्ती राहून गेली.' मुकादमांनी चष्मा लावून ते वाचलं.

"'राहून गेली' खोड," ते म्हणाले. "'झाकली' लिही."