काही दिसत नाही

गाबेस शहरातल्या सरकारी दवाखान्यात गेल्या वर्षी डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब संपले होते. म्हणजे कागदावर होते, बाटलीत नव्हते. मुनजिया नर्सने हम्मादीकाकांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो तसेच काढले. डावा बरा आला. चार लाल ठिपके, साखरेच्या रोग्याला असतात तसे. वर्षाने पुन्हा बघायचं. उजवा नुसता राखाडी. बाहुली बारीक, त्यात मोतीबिंदू धरू लागलेला.

"उजव्यात काही दिसत नाही, काका," ती म्हणाली.

काकांनी अल्लाचे आभार मानले. पुन्हा यावं लागेल, हे तिचं वाक्य दारातच राहिलं. काकांची आठ सीटांची भाड्याची गाडी राजधानीला निघायची होती आणि सात सीटा भरल्या होत्या. फोटो न निघालेला डोळा निरोगी ठरत नाही, तपासायचा राहिलेला असतो. असा रोगी डॉक्टरकडे धाडायचा, हे मुनजियाला पाठ होतं. पण रांग मोठी होती, आणि थेंब आले तेव्हा तिला काका आठवले नाहीत.

काका मात्र वर्षभर अड्ड्यावर सगळ्यांना सांगत राहिले, साखर असून डोळ्यात काहीच निघालं नाही म्हणून.

आज ते बरोबर वर्षाने आले, खजुराची मिठाई घेऊन. आठवडाभर गाडीची काच पुसतोय, म्हणाले, कोळिष्टकं जातच नाहीत. बायको म्हणते, काच नको, डोकं पूस.

मुनजियाने त्यांचा डावा डोळा झाकून समोरचा तक्ता वाचायला सांगितला. कुठला तक्ता, काकांनी विचारलं. तिने तोंडासमोर हात हलवला, तेव्हा हात हलतोय एवढं ते म्हणाले.

मग थेंब घातले, फोटो काढले. डाव्यात आता रक्ताचे मोठे डाग होते, आणि मध्याजवळ झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांनी सोडलेले पिवळे कण. उजव्यात तांबूस अंधार. पडदा होता कुठे, तेच कळेना.

"काय निघालं, पोरी?"

तिच्या ओठांवर जुनंच वाक्य आलं. तिने ते गिळलं.

"थेंब उतरले की साफ होईल ना?" काकांनी विचारलं. "संध्याकाळची फेरी आहे."

"नाही, काका. उजव्या डोळ्यात रक्त उतरलंय, म्हणून मला आतलं बघता येत नाही. गेल्या वर्षीही बघता आलं नव्हतं. डोळा चांगला आहे असं मी म्हटलं नव्हतं, पण तुम्हाला तसं ऐकू आलं, आणि मी तुम्हाला परत बोलावलं नाही. आजच स्फाक्स शहरात डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय. उजव्याचं ते सांगतील. डावा वाचवायचाय."

काकांनी तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"म्हणजे तेव्हा तुला दिसत नव्हतं," ते म्हणाले.

मग खिशातून गाडीची किल्ली काढून त्यांनी टेबल चाचपलं, आणि मिठाईच्या डब्याशेजारी ती ठेवली. स्फाक्सला कोण सोडेल, एवढंच विचारलं.