आधी इथं, मग परभणी

ऊसतोड टोळीच्या जीपमधून छबूबाईंना दवाखान्याच्या दारात उतरवलं, तेव्हा त्यांच्या अंगावर दोन वाकळा होत्या. नवरा आप्पाराव मागून पळत आला.

"ताप न्हाई मॅडम, उलट गारठलीय. थंडी बाधली असंल. तळपायाला कांदा चोळला आमी."

डॉ. धम्मशीलानं वाकळ बाजूला सारली. पोटरीवर कोयता निसटून लागलेली जखम, तिच्यात तंबाखू दाबून वर फडकं बांधलेलं. फडकं सोडताच घाण वास आला. जखमेभोवती कातडी लाल, टणक, गरम. बाकी अंग मात्र थंड, गुडघ्यांवर निळसर जाळी. श्वास धापा टाकल्यासारखा. तिनं छबूबाईंचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख लवकर गुलाबी होईना.

"मावशी, कुठं आलाव आपण?"

"बाजारात. बैलं कुठं गेली?"

"बीपी ऐंशी-चाळीस," रेणुका सिस्टर म्हणाली. सकाळपासून लघवीही झाली नव्हती.

तोवर आश्रुबा ड्रायव्हरनं रुग्णवाहिका दारात लावलीच. "तासा-सव्वा तासात परभणीला पोचवतो मॅडम. इथं कशाला येळ घालायचा?" आप्पारावानं स्ट्रेचरची एक बाजू उचललीसुद्धा.

त्यांचं काही चुकत नव्हतं. गंगाखेडच्या अलीकडच्या या छोट्या दवाखान्यात ना आयसीयू, ना व्हेंटिलेटर. असा पेशंट आला की पुढं पाठवायचा, ही इथली रीतच होती. धम्मशीलाच्या आईला, सरजाबाईंनाही असंच पुढं पाठवलं होतं. गेल्या दिवाळीत, दोन दवाखान्यांतून. दोन्हीकडची माणसं चांगली होती, त्यांनी लगबगीनं गाडीत घातलं. पहिलं इंजेक्शन तिसऱ्या ठिकाणी मिळालं, आणि तोवर सरजाबाई कुणाला ओळखत नव्हत्या.

"खाली ठेवा," धम्मशीला म्हणाली. "आधी इथं, मग परभणी."

"पण तुमच्याकडं मशिनी न्हाईत म्हनं!" आप्पाराव म्हणाला.

"न्हाईत. पण सलाईन हाय, अँटिबायोटिक हाय, ऑक्सिजन हाय. हिला आत्ता तेच पायजे."

रेणुकाचे हात बोलण्याआधीच चालू झाले होते. तोंडावर मास्क, दोन्ही हातांना सुया, लघवीला नळी. बोटातलं रक्त तपासलं तर साखरही उतरलेली, ग्लुकोज दिलं. जंतू कोणते ते कळायला रक्त कल्चरला पाठवायची बाटली संपली होती. ती नाही म्हणून धम्मशीला थांबली नाही. दोन अँटिबायोटिक शिरेतून सुरू केली. मग जखमेखाली साचलेला पू चिरून काढला, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

आप्पाराव भिंतीला टेकून बघत होता. "पायाला लागलं, आन् बैलं कशी हुडकायलीय ही?"

"कालव्याचं अस्तर फुटल्यावर काय होतं, आप्पाराव?"

"टेलचं, पार शेवटचं रान वाळतं."

"तसंच झालंय. पायातल्या जंतूंशी लढता लढता अंगानं सगळ्याच नसा ढिल्या केल्यात, त्या झिरपायल्यात. काळीज मोटारीवानी पळतंय, पण मेंदूला, किडनीला रक्त पुरत न्हाई. लढून थकलेल्या अंगाला ताप बी येत न्हाई कधीकधी. तसलं गारठणं तापापेक्षा वाईट."

आप्पारावानं हातातली वाकळ घडी करून काखेत घेतली.

प्रत्येक सलाईननंतर धम्मशीला छातीला स्टेथोस्कोप लावत होती. तिसऱ्या बाटलीच्या शेवटी पाठीत खाली बारीक करकर ऐकू आली आणि बीपी अजून नव्वदीच्या आतच. आणखी पाणी म्हणजे फुप्फुसात पूर. तिनं सलाईन बारीक केली, कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून बीपी चढवणारं नॉरॲड्रेनॅलिन लावलं. थेंब नेमका ठेवणारा पंप नव्हता. रेणुका घड्याळ बघत थेंब मोजायला उभी राहिली.

"झोप लागंल सिस्टर," आश्रुबा दारातून म्हणाला.

"तुमी गाडी चालवताना झोपू नका म्हंजे झालं!"

कुणी हसलं नाही. बीपी थोडं चढलं. मग अजून थोडं. धम्मशीलानं पुन्हा नख दाबलं, सोडलं. या वेळी रंग लगेच परतला. खाटेला लटकलेल्या लघवीच्या पिशवीत पिवळी धार उतरली.

छबूबाईंनी मान वळवली.

"अवो, माझ्या मायची वाकळ हाय ती. घाण भरवली की सगळी!"

आप्पारावाला हसू आणि रडू एकदमच आलं. "शिव्या द्यायलीय मॅडम! वळखली मला!"

आता धम्मशीलानं परभणीला फोन करून काय काय दिलंय ते सांगितलं, आणि गाडी निघाली. मागं रेणुका, डोळे थेंबांवर.

धम्मशीलानं हात धुतले, टेबलं आवरली, कुणाला तरी खोकल्याचं औषध लिहून दिलं. खुर्ची रिकामी होती, पण ती बसली नाही. आश्रुबाचा फोन आला तेव्हा ती अजून उभीच होती.

"पोचलो मॅडम. खाट मिळाली. बीपी शंभर हाय म्हनली सिस्टर. अन् बाई लय तरास देती, सगळ्या वाटंनं नवऱ्याशी भांडत आली."

"भांडू द्या," ती म्हणाली. "लय भांडू द्या."

मग ती बसली. पुढ्यातला चहा कधीचा गार झाला होता. तिनं तो तसाच सगळा प्यायला.