तंदुरीत गेलेला चक्का

मेलबर्नच्या सहाव्या लॉकडाऊनमध्ये हृषिकेश-चारुताचं लाडकं तंदुरीवालं हॉटेल घरापासून पाच किलोमीटरपर्यंतच फिरायच्या हद्दीबाहेर गेलं, आणि हृषिकेशने घरच्या अवनशी पंगा घेतला. दोन रविवार तोंडघशी पडला. पातळ दह्याला पाणी सुटलं, ग्रिल लावूनही कोंबडी पांढरीफटक, नुसती उकडलेली.

तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी त्याला नळाला टांगलेलं फडकं दिसलं. बायकोने, म्हणजे चारुताने, श्रीखंडासाठी चक्का बांधला असणार. त्याने तो गुपचूप लांबवला, त्यात आलं-लसूण, काश्मिरी मिरची, मोहरीचं तेल घातलं आणि चिरा दिलेल्या तंगड्यांना चोळून त्या फ्रिजमध्ये दडवल्या.

रविवारी दुपारी दोनशेवीसवर तंगड्या आतपर्यंत शिजवल्या. मग जाळी वरच्या खाचेत सरकवली आणि ग्रिल फुल केलं. तो काचेला नाक लावून बसला. मसाला चिकटून राहिला होता. कडा तडतडल्या, लाल झाल्या, मग ठिकठिकाणी काळे डाग उमटले. तंगड्या उलटल्या, तेवढ्यात स्मोक अलार्म कोकलला. तो टॉवेल हलवत नाचतच सुटला.

धावत आलेल्या चारुताने तंगडी उचलली, जळकी कड आधी खाल्ली आणि डोळे मिटले.

"तुझं श्रीखंड मी..." तो चाचरला.

"घरात आठवडाभर साखर नाही," ती बोटं चाटत म्हणाली. "बिनसाखरेचा चहा पितोयस ना? श्रीखंड कशाचं करणार होते मी? दोन रविवार तुझं पाणी सुटलेलं दही बघितलं, म्हणून टांगला चक्का."