आक्काचं पोट

आई गेल्यावर आम्हा दोघा भावांना थोरल्या बहिणीनं, आक्कानंच वाढवलं. दिवसभर ती शिवणयंत्रावर असायची. सकाळी मात्र आम्हाला ओळीत उभं करून विचारायची, "पोट साफ झालं का?" मान डोलावून भागायचं नाही, नीट सांगावं लागायचं. मोठेपणीही फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच. आम्ही हसायचो.

तिच्या पोटाबद्दल मात्र आम्ही कधी विचारलं नव्हतं.

गेल्या थंडीत मी तिच्याकडे गेलो, तर ब्लाउज अंगावर लोंबत होता. ती यंत्राचा पट्टा बदलत होती.

"बारीक झालीस ग."

"वय झालं." तिनं पट्टा चाकावर चढवला. मग मान वर न करताच म्हणाली, "तुला म्हणून सांगते. दोन महिने झाले, शौचाला पेन्सिलीसारखं बारीक होतंय. पुन्हापुन्हा जावं लागतं, तरी मोकळं वाटत नाही."

"आणि रक्त?"

"एकदोनदा दिसलं. मूळव्याध असेल."

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पोट दाबून पाहिलं, बोटानं आतून तपासलं.

"एखाददुसऱ्या दिवशी बारीक झालं तर घाबरायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पोट बिघडलं, आतडं आकसलं, तरी तसं होतं. तुमचं दोन महिने तसंच आहे, वजन उतरलंय, रक्तही दिसलंय. मूळव्याध म्हणून सोडून देता येणार नाही. आत काय आहे ते बघायलाच हवं."

रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. मग दुर्बिणीची तपासणी ठरली. आदल्या संध्याकाळी पोट रिकामं करायचं औषध पिताना आक्का वैतागली, "एरंडेल परवडलं याच्यापुढे."

आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ होती. तिथे वाट अरुंद झाली होती. तुकडा तपासायला गेला, कॅन्सरच निघाला. पसरलेला नव्हता. शस्त्रक्रियेत तेवढा भाग काढून दोन्ही टोकं जोडली.

"अजून थांबला असतात तर वाटच बंद झाली असती," सर्जन मला म्हणाले. आक्काला मी ते सांगितलं नाही. तिला कळलं असावंच.

टाके सुकल्यावर तिनं हट्ट धरला, आपली जुनी गल्ली बघायची. आमच्या दोन खोल्यांच्या खिडकीत आता परक्यांचे पडदे होते. अंगणाच्या टोकाचा सामाईक संडास पाडून तिथे कुणी स्कूटर लावली होती.

"कडी तुटकी होती," आक्का म्हणाली. "आत कुणी आहे हे कळावं म्हणून गाणं म्हणायचं."

"दादा भसाडा गायचा."

"आणि तू एकच ओळ. ती पण चुकीची."

ती हसायला लागली. पोट दुखेल म्हणून त्यावर हात दाबून धरला, तरी हसू थांबेना. मी तिचा दंड धरून उभा राहिलो. खिडकीतल्या बाईनं पडदा सारून विचारलं, कोण हवंय. आक्कानं हसतहसतच स्कूटरकडे बोट दाखवलं.