एक लांब, तीन आखूड

खंडेनवमीची पूजा झाली आणि दसऱ्याच्या सकाळी रुचिकाचा कॉम्प्युटर बोंबलायला लागला. एक लांब बीप, तीन आखूड, पडद्यावर काळोख. सिरसाळ्यात फॉर्म भरायचं तिचं दुकान म्हणजे सासऱ्यांच्या किराणा दुकानाचा एक कोपरा. सासऱ्यांनी, गुंडप्पांनी, आधीच बजावलं होतं, आता ह्या डब्याला नवा पार्ट लागला की त्या जागी साखरेची पोती लागतील. शब्दाचा माणूस, म्हणाले म्हणजे लावणारच.

माजलगावहून दुरुस्तीवाला परमेश्वर आला. कानावर भारी भरवसा त्याचा. उंबऱ्यातच ऐकलं आणि पिशवीही न टेकवता निकाल दिला, पडद्यावर चित्र आणणारं ग्राफिक कार्ड गेलं, नवं लागणार. गुंडप्पांनी लगेच पोती आणायला हमालाला हाक मारली.

रुचिकानं ड्रॉवरमधून मदरबोर्डाबरोबर आलेलं पुस्तक काढलं. त्यात बीपचा तक्ता होता.

"परमेश्वरभाऊ, ह्यात एक लांब तीन आखूड म्हणजे मेमरी दिलीय."

परमेश्वर म्हणाला, वीस वर्षं हेच ऐकतोय, हा आवाज कार्डाचाच. तरी टॉर्च मारून त्यानं बोर्डावरच्या बायोसच्या, म्हणजे मशीन जागं करणाऱ्या चिपचं लेबल वाचलं आणि मान खाजवली. कंपनी वेगळी निघाली. त्याच्या कानात बसलेला तक्ता दुसऱ्याच कंपनीचा होता. तिथं हाच आवाज कार्डाचा, इथं मेमरीचा, म्हणजे रॅमचा.

"चुकलो, वैनी," तो म्हणाला. एवढं बोलायला त्याला लई जड गेलं.

वायर काढून त्यानं दोन्ही रॅम उपसल्या. त्यांच्या जोडाच्या सोनेरी दातांवर पांढरे, वाळलेले पट्टे होते, तीन-तीन. रुचिकाला नवमी आठवली. साफसफाईला रॅम काढून तिनं वह्यांशेजारी पूजेच्या पाटावर ठेवल्या होत्या, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून न बघताच परत खोचल्या. विभूती लावली ती सासूबाईंनी, दानम्मांनी. दुकानात नाही नाही त्या वस्तूला लावतात. ज्यावर सून पोट भरते ती कशी सोडतील?

दानम्मा दारात उभ्या होत्या. तोंड सुकलं होतं अगदी.

परमेश्वरनं खोडरबरानं दात घासले, खाचा कोरड्या ब्रशनं झाडल्या, रॅम कट्ट वाजेपर्यंत दाबल्या. बटण दाबलं. एकच आखूड बीप, आणि पडदा उजळला. हमालाला गुंडप्पांनी हातानंच परत पाठवलं.

"काय झालतं?" त्यांनी विचारलं.

परमेश्वरनं बोटावरची पांढरी भुकटी पाहिली, मग रुचिकाकडं. तिनं दाराकडं, सासूबाईंकडं पाहिलं.

"धूळ," तो म्हणाला.

दानम्मा पुढं आल्या. "धूळ न्हाई, माझी विभूती हाय. पोरीचं दुकान चालावं म्हणून लावलती."

गुंडप्पांनी खुर्ची उचलून रुचिकाच्या कोपऱ्यात ठेवली, फॉर्मवाल्या गिऱ्हाइकांना बसायला.