शंभर टक्क्यांचा संशय

विद्यार्थिनीच्या प्रबंधातला पाय चार्ट पाहून मार्गदर्शक बाईंच्या मनात पाल चुकचुकली. प्रश्न होता, 'ग्रंथालयात कशासाठी येता? लागू असतील ते सगळे पर्याय निवडा.' मग टक्क्यांची बेरीज बरोब्बर शंभर कशी? कार्टीने घरबसल्या आकडे रचले की काय?

"खरं सांग, दोनशे लोकांना भेटलीस तरी का?"

"भेटले हो, बाई! बेरीज एकशे साठ येत होती. वर्तुळात मावेना, म्हणून सगळे आकडे त्याच प्रमाणात कमी केले."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, स्तंभ काढ! प्रत्येकावर खरी टक्केवारी टाक. खाली लिही: उत्तरदाते दोनशे, एकाहून अधिक उत्तरं शक्य, म्हणून बेरीज शंभरावर."

"पण परीक्षकांना संशय येईल ना?"

"मला तर शंभराचाच आला!"