पावती ग्रुपवर टाकू नये

आमच्या पडेगावच्या सोसायटीची सचिव माझी आई आहे. म्हणजे सोसायटीचं काहीही थकलं की आधी आई थकते. दवाखान्यातली ड्युटी करून येते, तर जिन्यातच कोणीतरी गाठतं, "करुणाताई, लिफ्ट लई आवाज करतीय!"

त्या संध्याकाळी अध्यक्ष नानासाहेब काका आमच्या सोफ्यावर बसले होते. टँकरवाल्याचं बिल आलेलं, मेंटेनन्स अर्ध्या घरांनी भरलेला नाही.

"लई लाड झाले," काका म्हणाले. "मागच्यासारखी नावांची यादी लावा पार्किंगमध्ये. नाय तर पाणी तोडा."

"पाणी तोडता येत नाही, नियमात नाही," आई म्हणाली. "आणि यादीनं काय मिळालं? सुलेखाताई जिन्यानं ये-जा करायला लागल्या, एवढंच."

सुलेखा काकू समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. मी लहान असताना आईची ड्युटी असली की मला शाळेतून त्याच आणायच्या. त्यांच्या नवऱ्याची करमाडकडची कंपनी बंद पडली आणि यादीत त्यांचं नाव आलं. लिफ्टमध्ये कोणी भेटू नये म्हणून काकू चार मजले चालतात. परत नाव लागलं तर फ्लॅट भाड्यानं देऊन सिल्लोडला माहेरी जाईन, असं त्यांनी आईला सांगितलं होतं. गंमत करत नव्हत्या.

"नोटीस मी लिहिते," मी जाहीर केलं. "मराठीत आणि इंग्रजीत." शाळेतल्या इंग्रजी भाषणाचं पहिलं बक्षीस नुकतंच मिळालेलं, त्यामुळे मला काहीही लिहिता येईल अशी माझी खात्रीच होती. पहिल्याच ओळीत मी थकबाकीदारांवर कडक कायदेशीर कारवाईची धमकी दिली.

आईनं चष्मा कपाळावर सरकवला. "हे कोणाला लिहितेस? चोराला?"

शेवटी असं झालं: 'सर्व सदस्यांना नमस्कार. काही घरांचा या तिमाहीचा मेंटेनन्स यायचा आहे. टँकर, लिफ्ट आणि पंपाचं वीजबिल त्यातूनच भरतो. कृपया तीस तारखेपर्यंत भरावा; त्यानंतर उपविधीप्रमाणे व्याज लागेल. एकदम जमत नसेल तर हप्त्यांसाठी सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा. Kindly pay by the 30th. Interest will apply after that, as per the bye-laws. If you need instalments, please write to the Secretary.' कोणाकडे किती बाकी, ते आईनं ज्याचं त्याला वेगळं पाठवलं.

मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं आणि स्वतःवरच खूश होऊन जेवायला बसले.

भात संपायच्या आत फोन टिणटिणायला लागला. आमच्याकडची रीतच आहे, पैसे भरले की स्क्रीनशॉट ग्रुपवर. पेड. पेड, हात जोडलेले. प्रत्येकाखाली नानासाहेब काकांचं 'अभिनंदन!' दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इतके पेड झाले की न भरलेली घरं आपोआप मोजता येत होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सुयशदादानं लिहिलं, 'आता उरलं कोण कोण? हात वर करा!' पुढं हसणारे चेहरे.

यादी आम्ही लावली नव्हती. ग्रुपनंच लावली.

आई ड्युटीवरून आली तेव्हा तिला दाखवलं. ती चपला न काढताच बसली. "दर वेळी काहीतरी राहतंच बघ," एवढंच म्हणाली. तिला रागवायचंसुद्धा त्राण नव्हतं.

ती अॅडमिन आहे, म्हणून सुयशदादाचा मेसेज तिनं आधी काढून टाकला. मग मी लिहिलं: 'पावती ग्रुपवर टाकू नये, फक्त सचिवांना पाठवावी. कोणी भरले, कोणी नाही, ही इथली चर्चा नाही. Please send receipts only to the Secretary. The last date remains the 30th.' आईनं वाचलं आणि मान हलवली.

लगेच काकांचा फोन. "अहो करुणाताई, भरणाऱ्याचं कौतुक नको का?"

"पावती दिली ना? आता काय आरती ओवाळू?"

"अन् तारीख?"

"तारीख तीसच. उशीर झाला तर व्याज. मलाबी."

दुसऱ्या संध्याकाळी बेल वाजली. दारात सुलेखा काकू, हातात अर्ज आणि थोडे पैसे.

"दोन हप्ते चालतील का, करुणाताई?"

"समितीपुढे ठेवते, काय ठरेल ते सांगते. पण उरलेल्यावर व्याज लागलं तर ते मला माफ करता यायचं नाही."

"व्हय, ते मागितलंच नाय मी." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "नोटीस तू लिहिलीस?"

"हो!"

"चांगली आहे. पेड पेड थांबलं, ते बरं झालं." मग जराशा हसल्या. "सिल्लोडला नुसतं ऊनच असतं, तसंही."

आईनं पैसे घेतले, पावती फाडून दिली. मी काकूंना सोडायला दारापर्यंत गेले. त्यांना घरी जायचं नव्हतं, खाली दुकानात जायचं होतं. जिन्याकडं वळल्या, थांबल्या, आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट नेहमीसारखीच खडखडत वर आली.

आईला सांगायला आत पळाले. ती पावतीपुस्तक मांडीवर घेऊन सोफ्यावर झोपली होती. पायात चपला तशाच.